एका बाईची तीन खाती

लोकरमावशींचे हात रिकामे दिसले की गल्लीत कुणालाही कळायचं, आज काहीतरी बिघडलंय. एरवी बाई बसमध्ये विणत, दवाखान्याच्या रांगेत विणत, नवऱ्याशी भांडतानाही विणत. भांडण रंगलं की टाके घट्ट पडत. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे लोकरकाका, आल्यागेल्याला सांगत की माझ्याकडे एक निळा स्वेटर आहे, त्याच्या डाव्या बाहीत आमची एका हिवाळ्यातली सगळी भांडणं आहेत, हात आत जात नाही.

त्या मंगळवारी मावशी संगणकासमोर बसल्या होत्या आणि सुया मांडीवर आडव्या पडल्या होत्या. काका चहाचा कप घेऊन आत आले आणि दारातच थांबले.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी गेलं नाही. माझी पुस्तकं जाणार आहेत," मावशी म्हणाल्या, आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

आता ही पुस्तकं कुठली, ते सांगायला हवं. दोघांनी तीस-बत्तीस वर्षं लोकरीचं दुकान चालवलं. एकाची तीन दुकानं झाली, एक बाजारात, एक शाळेसमोर, एक बसस्थानकाच्या कोपऱ्यावर. पुढे तयार स्वेटर इतके स्वस्त झाले की विणणारी माणसंच उरली नाहीत. दुकानं एकेक करून बंद झाली. काका सुखाने रिकामे झाले. मावशींना रिकामपण मानवेना. दुकानात येणाऱ्या बायकांना त्या कागदावर नमुने काढून देत, ते कागद त्यांनी जमवले, नीट मांडले, आणि एका कंपनीच्या साइटवर खातं उघडून पुस्तकं छापायला सुरुवात केली. तिथली पद्धत सोपी आहे. आपण पुस्तक तयार करून चढवायचं, कुणी मागवलं की कंपनी प्रत छापून पाठवते, आणि लिहिणाऱ्याचा वाटा त्याच्या खात्यात जमा करते. मावशींनी हे सगळं साठीनंतर, एका बोटाने टाइप करत, कुणालाही न विचारता जमवलं. कुणालाही न विचारता, हा त्यांचा गुणही होता आणि घोळाचं मूळही.

कारण मावशी दुकानदार होत्या. फार पूर्वी शाळेसमोरच्या दुकानाचा परवाना चुकून बाजारातल्या दुकानाच्या भिंतीवर टांगला गेला होता. तपासणीला आलेल्या साहेबाने शाळेसमोरचं शटर खाली ओढून सील ठोकलं. ऐन थंडीत. मावशी तो दिवस कधी विसरल्या नाहीत. दुकान तिथे परवाना, हे त्यांच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसलं. म्हणून जेव्हा त्यांनी पाहिलं की कंपनीचं दुकान प्रत्येक देशात वेगळं आहे, वेगळ्या भाषेत, वेगळ्या चलनात, तेव्हा त्यांना शंका म्हणून आली नाही. देश वेगळा, दुकान वेगळं, तर खातंही वेगळं. मुलीकडे परदेशी गेल्या तेव्हा तिथे एक उघडलं. मुलाकडे, दुसऱ्या देशात, गेल्या तेव्हा तिथे आणखी एक. दोन्ही वेळा मुलांनी "आई, लागतं का गं हे?" असं विचारलं आणि दोन्ही वेळा मावशींनी त्यांना शटर आणि सीलची गोष्ट ऐकवली. ती गोष्ट दोघांनीही लहानपणापासून इतकी ऐकली होती, की पुन्हा ऐकण्यापेक्षा खातं उघडणं त्यांना सोपं वाटलं.

आणि आता हे पत्र. एकाच व्यक्तीच्या नावावर तीन खाती आढळली आहेत, आमच्या नियमाप्रमाणे एका व्यक्तीला एकच खातं ठेवता येतं, कृपया आठवड्याभरात खुलासा करा, न केल्यास सर्व खाती बंद होऊ शकतात.

"सर्व," मावशी म्हणाल्या. "म्हणजे टोप्यांचंसुद्धा."

काकांनी कप खाली ठेवला. टोप्यांचं पुस्तक म्हटल्यावर त्यांची थट्टा करायची हिंमत झाली नाही.

आठ वर्षांपूर्वी मुलीला बाळ झालं ते दिवस भरायच्या कितीतरी आधी. मावशी पहिल्या विमानाने गेल्या. काचेच्या पेटीतली नात बघितली आणि त्यांना रडायलाही सुचेना. करण्यासारखं काही नव्हतं, डॉक्टर काय ते करत होते. मग त्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून टोपी विणू लागल्या. पहिली टोपी मोठी झाली. दुसरीही. तिसरी बसली. परिचारिकेने ती पाहिली आणि शेजारच्या पेटीतल्या बाळासाठी एक मागितली, मग त्याच्या शेजारच्यासाठी. दालनाबाहेर ताटकळणाऱ्या आयांना मावशींनी सुया धरायला शिकवलं. भाषा येत नव्हती, पण टाका दाखवायला भाषा लागत नाही. नात घरी येईस्तोवर मावशींकडे एक अख्खं पुस्तक तयार झालं होतं. अगदी लहान डोक्यांच्या टोप्या, किती टाके, किती मऊ लोकर, शिवण आत न टोचू देता कशी घ्यायची.

त्या पुस्तकाचे फोटो जावयाने काढले. तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा, हात स्थिर, नजर बारीक. खऱ्या बाळांचे फोटो काढायचे नाहीत असं मावशींनी बजावलं, म्हणून त्याने संत्री आणली आणि एकेका संत्र्याला टोपी घालून फोटो काढले. आकृत्याही त्यानेच काढल्या. खातंही त्यानेच उघडून दिलं. मावशींकडे तिथला फोन नव्हता, म्हणून त्याने स्वतःचा नंबर टाकला.

पुस्तक विकलं गेलं फार नाही, पण गेलं तिथे कामाला आलं. वाचकांचे अभिप्राय त्याच्या पानाखाली जमत गेले. कुठल्या कुठल्या देशांतल्या आया लिहीत, परिचारिका लिहीत. मावशी भाषांतराचं बटण दाबून ते वाचत. एकीने लिहिलं होतं, 'टोपी सैल होती म्हणून आम्ही वाट पाहिली. काल ती घट्ट झाली. आज घरी जातोय.' हा अभिप्राय मावशींना पाठ होता. मन उदास झालं की त्या ते पान उघडून बसत, जशी दुसरी कुणी जुने फोटो काढून बसेल.

"मग ती दोन जास्तीची खाती आपणच बंद करून टाकू," काका म्हणाले. "कंपनी खूश. टोप्यांचं पुस्तक तुझ्या इथल्या खात्यात पुन्हा चढव. फाइल आहे ना?"

"फाइल आहे. आणि ते अभिप्राय?"

तोवर मावशींनी घाबरून मुलाकडच्या खात्यातलं हातमोज्यांचं पुस्तक विक्रीतून काढूनसुद्धा टाकलं होतं. टोप्यांच्या खात्यात त्यांना शिरताच येईना, कारण शिरताना सांकेतिक आकडा लागतो आणि तो जातो जावयाच्या फोनवर.

आणि जावई आता जावई राहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी मुलगी आणि तो वेगळे झाले. भांडीकुंडी फेकून नव्हे, शांतपणे, कागदावर सह्या करून. नात आठवडा इकडे, आठवडा तिकडे. मुलीने आईला एवढंच सांगितलं होतं की कारण विचारू नकोस आणि त्याच्याकडे काही मागू नकोस. मावशींनी दोन्ही पाळलं. त्यामुळे त्याच्याशी त्या दोन वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कंपनीच्या मदतकक्षाला 'मला फोन करा' अशी विनंती पाठवली. थोड्याच वेळात फोन वाजला. पलीकडची बाई तरुण असावी, आवाजात घाई नव्हती.

"मॅडम, तिन्ही खात्यांतली करांची माहिती माझ्यासमोर आहे," ती म्हणाली. "एक विचारू का? तुम्ही तिन्ही देशांत कायमच्या राहता असं लिहिलंय."

"ज्या देशातलं खातं, त्या देशाचं नाव लिहिलं," मावशी म्हणाल्या.

शेजारी कान लावून बसलेले काका पुटपुटले, "मला वाटत होतं ही इथेच राहते."

मावशींनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं आणि मग सगळं सांगून टाकलं. शटर, सील, दुकान तिथे परवाना, सगळं. पलीकडची बाई हसली, पण चांगलं हसली.

"मॅडम, इथे उलटं आहे. परवाना एकच, दुकानं सगळी. तुमच्या एका खात्यातून पुस्तक सगळ्या देशांत विकता येतं. फक्त तुम्ही खरंच राहता तो देश आणि तिथला पत्ता त्यात हवा. तुम्ही कुठे राहता?"

"इथेच. लग्न झाल्यापासून."

"मग इथलं खातं ठेवू. आता नीट ऐका. खाती एकमेकांत मिसळता येत नाहीत, पण पुस्तकं एका खात्यातून दुसऱ्यात हलवता येतात. ती हलवली की पुस्तकाचा क्रमांक तोच राहतो, आणि अभिप्राय त्या क्रमांकाला चिकटलेले असतात."

"म्हणजे ते जात नाहीत?"

"हलवलं तर जात नाहीत. तुम्ही खातं आधी बंद केलंत, किंवा पुस्तक काढून नव्याने चढवलंत, तर नवा क्रमांक पडेल, मग अभिप्रायांची खात्री मी देणार नाही. म्हणून हात जोडते, काही बंद करू नका, काही काढू नका."

मावशींनी हातमोज्यांची कबुली दिली. बाई म्हणाली, ते नुसतं विक्रीतून उतरवलंय, नोंद शाबूत आहे, पुन्हा लावता येईल. काकांनी छातीवरचा हात काढला.

"पण एक अट आहे," पलीकडची बाई म्हणाली. "ज्या खात्यातून पुस्तक जाणार, त्यात शिरून तिथूनच विनंती पाठवावी लागेल. आणि तुमच्या इथल्या खात्यातून 'मी स्वीकारते' असं कळवायचं. दोन्हीकडून होकार आला की आम्ही हलवतो. आधीच्या विक्रीचा हिशोब जुन्या खात्यातच राहतो आणि तिथूनच चुकता होतो. ते झालं की ती खाती आम्ही बंद करू. पत्राला उत्तर म्हणून मी आत्ताच नोंद करते, की चूक अजाणता झाली आणि काम सुरू आहे."

"आणि शिरताच आलं नाही तर?"

"मग ओळख पटवायची कागदपत्रं लागतील. होईल, पण तिथला पत्ता तुमचा नाही, त्यामुळे वेळ लागेल, आणि मी वचन देऊ शकत नाही. तो फोननंबर कुणाचा आहे, मॅडम?"

"घरच्याच माणसाचा," त्या म्हणाल्या.

मुलाचं काम पंधरा मिनिटांत झालं. त्याने कचेरीतूनच हातमोज्यांची विनंती पाठवली आणि "आई, झालं, आता ती सीलची गोष्ट नको," असा निरोप धाडला. मुलीचा फोन मात्र जड होता. मावशींनी तिला काही न लपवता सांगितलं.

"आई, मी नाही विचारणार," मुलगी म्हणाली.

"तू नको. मी विचारू का, एवढंच तुला विचारतेय."

"त्याने तो नंबर कधीच बदललाय. माझ्याकडे नवा आहे. जुना चालू असेल असं मला वाटत नाही." मग ती म्हणाली, "विचार तू. माझी काही हरकत नाही. पुस्तक तुझं आहे, आणि आमच्या पिल्लाचंही आहे."

मावशी संध्याकाळपर्यंत फोनभोवती घुटमळल्या. काकांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या बायकोला कुणाला तरी फोन करायची भीती वाटू शकते. हाक काय मारायची, इथपासून अडचण. इतकी वर्षं त्या थट्टेने 'जावईबापू' म्हणत आल्या होत्या. आता ते म्हणणं खोटं, आणि नाव घेऊन बोलायची सवय नाही. दोन वर्षांत आपण एकदाही त्याची चौकशी केली नाही, आणि आज केली तर कामासाठी, ही लाज तर त्यांना खातच होती. शेवटी त्यांनी मुलीने दिलेला नवा नंबर लावला. तिकडे त्याच्या दुकानात सकाळ होती.

"मी बोलतेय," मावशी म्हणाल्या.

"आई?" तो म्हणाला. एवढ्यावरूनच. "काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

सगळे बरे आहेत, असं म्हणून मावशींनी भराभरा कामाचं सांगून टाकलं. खाती, पत्र, आकडा, जुना नंबर. "बंद झाला असेल ना तो," त्या म्हणाल्या. "झाला असेल तरी तुमची काही चूक नाही. मी आपलं विचारलं."

"बंद नाही आई. चालू आहे. जुना फोन इथेच आहे, काउंटरखालच्या खणात. थांबा, चार्जिंगला लावतो."

"चालू कसा? नवा घेतलात ना तुम्ही?"

"घेतला. पण तुमच्या खात्याचा आकडा जुन्यावर येतो. तो बंद केला असता तर तुमचं टोप्यांचं पुस्तक अडकलं असतं. म्हणून दर महिन्याला भरतो पैसे. फार नसतात. आणि तुम्हाला कळवायला हवं होतं, नंबर बदलून घ्या म्हणून, पण..." तो अडखळला. "पण फोन कसा करायचा ते कळेना."

इकडे मावशींच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोन वर्षं दोन टोकांना दोन माणसं एकाच अडचणीत बसली होती, आणि काउंटरखालच्या खणात तो फोन इमानाने पडून होता. काकांनी रुमाल पुढे केला.

मग जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा आहे. मावशींनी पासवर्ड घातला, त्याच्या जुन्या फोनवर आकडा आला, त्याने वाचून दाखवला, आणि मावशी एका बोटाने तो टाइप करेपर्यंत मुदत संपली. दुसरा आला. मध्येच त्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक चष्मा मोडून घेऊन आलं, तोही आकडा शिळा झाला. तिसऱ्या वेळी काकांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. जावयाने आकडा म्हटला, मावशींनी मोठ्याने पुन्हा म्हटला, काकांनी दाबला, आणि दार उघडलं.

टोप्यांचं पुस्तक तिथे होतं. पहिल्या पानावर संत्रं, संत्र्यावर पिवळी टोपी.

"ते संत्रं आपण नंतर खाल्लं होतं," पलीकडून तो म्हणाला.

"आंबट निघालं होतं," मावशी म्हणाल्या, आणि रडता रडता हसल्या.

त्यांनी तिथूनच विनंती पाठवली, पुस्तकाचा क्रमांक दोनदा तपासून, मग आपल्या इथल्या खात्यातून स्वीकार कळवला. इथल्या खात्यात राहण्याचा देश आणि पत्ता बरोबर आहे ना, तेही बघितलं. मग वाट बघणं आलं. त्या दिवसांत मावशींनी एकही टाका घातला नाही. काका स्वयंपाक करत होते, म्हणजे परिस्थिती किती गंभीर होती ते समजा.

शनिवारी सकाळी मदतकक्षाचं उत्तर आलं. दोन्ही पुस्तकं हलवली आहेत, जुन्या खात्यांतला हिशोब पुरा झाला की ती बंद होतील, आपल्याकडून आणखी काही करण्याची गरज नाही. मावशींनी आपलं खातं उघडलं. टोप्या होत्या. हातमोजे होते. त्यांनी टोप्यांचं पान उघडून खाली, खाली, अगदी खालपर्यंत सरकवलं. सगळे अभिप्राय जागच्या जागी. 'काल ती घट्ट झाली. आज घरी जातोय.' मावशींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी काकांना हाक मारून ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, जसं काही ते त्यांनी आयुष्यात कधी ऐकलंच नव्हतं. काकांनीही पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

मग त्यांनी फोन उचलला, आणि या वेळी घुटमळल्या नाहीत. नवा नंबर लावला.

"आलं," त्या म्हणाल्या. "सगळं आलं. एकही गेला नाही."

"बरं झालं आई. फार बरं झालं."

"आणि ऐका, खातं बंद व्हायला थोडे दिवस लागतील. ते झालं की कळवते, मग तो जुना नंबर बंद करून टाका. उगाच किती दिवस पैसे भरणार?"

दुकानात कुणीतरी दार उघडल्याचा आवाज आला.

"राहू दे आई," तो म्हणाला. "त्या नंबरावर तुम्ही फोन करत जा."

मावशींनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "करेन," त्या म्हणाल्या. "पण जावईबापू, एक सांगते, तो फोन खणातून बाहेर काढून ठेवा. दर वेळी चार्जिंगला लावेपर्यंत मी थांबणार नाही."

फोन ठेवून त्यांनी बाजूला पडलेल्या सुया उचलल्या. काकांनी विचारलं, काय विणणार. मावशी म्हणाल्या, पुरुषाचा स्वेटर, मध्यम मापाचा. आणि टाके, काकांनी नीट बघितलं, अगदी सैल, सारखे पडत होते.